फिटूनही उघडं राहिलेलं कर्ज

कझाकस्तानातल्या झारकेंतच्या रस्त्यांवर आज जे नीट गाडी चालवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना क्लच कधी सोडायचा हे तिलीवाल्दीनं शिकवलं होतं. जे नीट चालवत नाहीत, त्यांच्याबद्दल तो एवढंच म्हणायचा, "शिकवलं मीच. ऐकलं नाही."

पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. आधी तो स्टार्चच्या कारखान्यात मक्याचे ट्रक चालवायचा. पाठीनं दगा दिल्यावर बिबिगुलबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागला, आणि तिथे त्याला आपलं खरं काम सापडलं. बाया-मुली खास त्याचीच वेळ मागून घ्यायच्या, कारण तो कधी ओरडायचा नाही. एकदा एका शिक्षिकेनं घाबरून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी रस्त्याकडेच्या पाटात घातली. पुढची चाकं पाण्यात, बाई रडकुंडीला आलेली. तिलीवाल्दीनं आपल्या बाजूची काच खाली केली, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. तशीही आज रिव्हर्स शिकायचीच होती."

गाडी त्याची स्वतःची होती. पांढरी, जुनी, शिकवणाऱ्याच्या पायाशी क्लच-ब्रेकची दुसरी जोडी बसवलेली. गावातल्या एका छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीकडून कर्ज काढून त्यानं ती घेतली होती. कंपनीचं ऑफिस बाजाराच्या तोंडाशीच होतं. दर महिन्याला जाऊन तो हप्ता भरायचा, आणि एका वसंतात उरलेली सगळी रक्कम मुदतीआधीच भरून मोकळा झाला. पुढे ते ऑफिस बंद पडलं. कंपनी अल्माटीच्या कुठल्या मोठ्या कंपनीत विलीन झाली म्हणे, आणि त्या जागी औषधाचं दुकान आलं. तिलीवाल्दीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याचा व्यवहार संपला होता.

मग या वर्षी कापणीच्या सुमारास बिबिगुलबाईंनी त्याला चहाला बोलावलं. बाई सरळ बोलणाऱ्या. त्याला आका, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायच्या.

"तिलीवाल्दी आका, तुमच्यावर माझा राग नाही. पण तुमच्या गाडीला आता दम लागतो. मुलं येतात आणि विचारतात, ऑटोमॅटिक आहे का? मी नाही म्हटलं की पलीकडच्या स्कूलमध्ये जातात."

"ऑटोमॅटिकवर शिकलेल्याला गाडी येते कुठे?" तिलीवाल्दी म्हणाला.

"नाही येत. पण फी तोच भरतो. हिवाळ्याच्या आत जरा बरी गाडी बघा. नाहीतर तुमच्या निम्म्या वेळा मला दुसऱ्याला द्याव्या लागतील."

त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्यानं ओळखीच्या माणसाकडे एक गाडी पाहून ठेवली, फार वापरलेली नव्हती. रुकियामशी, म्हणजे बायकोशी, हिशेब जुळवला, आणि इस्त्री केलेला शर्ट घालून तो बँकेत गेला.

बँकेतली मुलगी कझाक होती, त्याच्या लेकीच्या वयाची. तिनं नाव-गाव, पगार सगळं भरलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि तिच्या भुवया किंचित वर गेल्या.

"आगाय," ती वडीलधाऱ्याशी बोलावं तसं अदबीनं म्हणाली, "होणार नाही असं दिसतंय."

"का?"

"तुमच्या नावावर एक कर्ज चालू आहे."

"माझ्या? नाही. एक होतं. ते मी केव्हाच फेडलं."

"इथे चालू दिसतंय." तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्या जुन्या कंपनीचं नाव होतं, खाली शिल्लक रक्कम, महिन्याचा हप्ता. "थकलेलं म्हणत नाहीये. थकबाकी शून्य आहे. पण कर्ज उघडं आहे ना, म्हणून त्याचा हप्ता तुमच्या कमाईतून जातोय असं धरलं जातं. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत, असा नियम आहे. तो आणि हा नवा, दोन्ही मिळून पलीकडे जातायत."

"पण तो हप्ता मी भरतच नाही. भरायला काही राहिलंच नाही."

"मला पटतंय, आगाय," मुलगी म्हणाली, आणि तिला खरंच पटलेलं दिसत होतं. "पण मशीनला पटत नाही. ते क्रेडिट ब्युरोचा रिपोर्ट बघतं, कुणाचं किती कर्ज आहे त्याचा."

घरी रुकियाम तंदूरमधून नान काढत होती. त्यानं ओट्याच्या कडेला बसून झालेलं सगळं सांगितलं. तिनं शेवटची नान थाळीत टाकली, हात पुसले, खारट दुधाच्या चहाचा मोठा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "ज्या वसंतात तुम्ही ते फेडलंत, तेव्हा आपण दोन्ही गोऱ्हे विकले होते."

"हो."

"पैसे तुम्हीच घेऊन गेलात."

"हो. भरायला."

"भरलेत ना?"

तिलीवाल्दीनं वाडग्यावरून वर पाहिलं. इतक्या वर्षांत असा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता.

"सावुत त्या दिवसांत सारखा येत होता," ती नजर न उचलता म्हणाली. "तुम्ही दोघं बाहेर कट्ट्यावर बसायचात. मी चहा घेऊन आले की गप्प व्हायचात. मी तेव्हा विचारलं नाही."

सावुत म्हणजे त्याचा धाकटा भाऊ.

"भरले, रुकियाम," एवढंच तो म्हणाला आणि चहा संपवून उठला. आतल्या खोलीत जाऊन कपाटातला डबा काढला. पावती होती. पण त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून गेली होती. उन्हाकडे धरलं तर एखाद्या अक्षराची सावली दिसल्यासारखी वाटायची, तेवढीच. ती घेऊन तो बाहेर आला नाही. डब्यात परत ठेवली.

त्या रात्री नेहमीसारखंच जेवण झालं. रुकियामनं त्याला जास्तीचं वाढलंसुद्धा. पण तिचा प्रश्न घरात राहिला, एखादा पाहुणा मुक्कामाला राहावा तसा, आणि दोघंही त्याला ओलांडून ये-जा करत राहिले.

त्यांची एकुलती एक मुलगी माहिनुर अल्माटीत दातांच्या दवाखान्यात काम करायची. तिनं फोनवर सगळं ऐकलं. "बाबा, तुमचा पूर्ण रिपोर्ट मागवते. वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तो मला वाचून दाखवा, बाकी काही करू नका."

संध्याकाळी तिचा परत फोन आला.

"बाबा, चालू कर्जांच्या यादीत ते आहेच. पण खाली एक ओळ आहे, शेवटची माहिती कधी आली त्याची. मार्च. त्या वर्षीचा मार्च. तुम्ही कधी भरलेत सगळे?"

"नौरोझनंतर. एप्रिलमध्ये."

"बघा. मार्चनंतर कंपनीनं काही पाठवलेलंच नाही. तुम्ही फेडलंत हे ब्युरोला कुणी सांगितलंच नाही."

तिलीवाल्दीला बरं वाटलं. निदान आपल्या डोक्यात काही गोंधळ नव्हता. पण हेच रुकियामला सांगितल्यावर ती "असं होय" म्हणाली, आणि त्या "असं होय"मध्ये जरा जागा शिल्लक होती. मार्चपर्यंतचे हप्ते भरले होते हे तिलाही माहीत होतं. प्रश्न एप्रिलचाच होता.

त्यानं मोठ्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एका तरुणानं त्याचा ओळखपत्राचा नंबर घेतला.

"आगाय, तुमच्याकडे आमचं काहीच येणं नाही. खुशाल राहा."

"मग रिपोर्टमध्ये का दिसतंय?"

"ते ब्युरोचं. आमच्याकडून तुम्ही मोकळे आहात. दाखला पाठवू?"

दाखला आला, शिक्क्यासकट. आजच्या तारखेला या इसमाकडे कंपनीचं काहीही येणं नाही. तिलीवाल्दी तो घेऊन बँकेत गेला. मुलीनं तो नीट वाचला.

"चांगला आहे. पण आगाय, यात ते कर्ज कुठे आहे? करार क्रमांक नाही, कधी फिटलं ते नाही. आणि खरं सांगू, सगळं असतं तरी मी तो फाईलला लावला असता आणि मशीननं परत नाहीच म्हटलं असतं. रिपोर्ट बदलायला हवा. तो ज्यानं कर्ज दिलं त्यालाच बदलता येतो."

मग माहिनुरनं ब्युरोकडे तक्रार घातली, दाखला जोडून. त्या नोंदीपुढे 'हरकत घेतली आहे' असा शेरा पडला. तिलीवाल्दीला वाटलं, आता सुटलं. दोनेक आठवड्यांनी उत्तर आलं. ब्युरोनं कंपनीकडे विचारणा केली होती. दिलेल्या क्रमांकाचा करार आपल्याकडे आढळत नाही, असं कंपनीनं कळवलं होतं. ब्युरो स्वतः नोंद बदलू शकत नाही, फक्त कर्ज देणाऱ्यानं पाठवलेली माहिती ठेवतो. म्हणून नोंद आहे तशीच.

"म्हणजे बघा," माहिनुर वैतागून म्हणाली, "कंपनी म्हणते, असं कर्जच नाही. ब्युरो म्हणतो, कर्जच नसेल तर मिटवणार कोण."

तिलीवाल्दी हसला. "चढावर गाडी बंद पडली की असंच होतं. पुढचा म्हणतो मागे घे, मागचा म्हणतो पुढे जा."

"मग तुम्ही काय सांगता मुलांना?"

"हँडब्रेक लाव, श्वास घे. मी येतो तिकडे, बेटा. फोनवर होणारं हे काम नाही."

रुकियाम म्हणाली, मीही येते. लेकीसाठी सफरचंदं आहेत, मक्याची कणसं आहेत, एकट्याला पिशव्या झेपणार नाहीत. तिलीवाल्दीनं हो म्हटलं. दोघं पहाटेच्या शेअर टॅक्सीत बसली. पुढच्या सीटवरून तिलीवाल्दी ड्रायव्हरच्या पायांकडे बघत राहिला, सवयच ती. वाटेत बायसेइतच्या धाब्यांपाशी टॅक्सी थांबली तेव्हा दोघांनी एकेक सामसा, म्हणजे तंदूरमध्ये भाजलेला समोसा, खाल्ला, एकाच कागदावर ठेवून. रुकियाम काहीतरी बोलायला गेली, मग म्हणाली, "कांदा जास्त झालाय." आणि पुन्हा गाडीत बसली.

कंपनीचं ऑफिस अल्माटीतल्या एका मोठ्या इमारतीत होतं. खाली नंबराची चिठ्ठी घ्यायची, वर खिडकीशी जायचं. खिडकीत झानेर्के नावाची मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, समोर गार झालेला चहा. तिनं त्याचा नंबर टाकला.

"आगाय, तुमच्यावर आमचं काहीच नाही."

"तेच तर अडलंय, बाळ. तुमच्याकडे काहीच नाही, आणि तिकडे सगळं आहे." त्यानं रिपोर्टचा कागद तिच्यापुढे सरकवला, ब्युरोचं उत्तर त्यावर ठेवलं आणि मार्चच्या ओळीवर बोट टेकवलं. "मला दाखला नको. एक आधीच मिळालाय. एप्रिलमध्ये हे कर्ज फिटलं, एवढं तुम्ही त्यांना कळवायचं."

झानेर्केनं करार क्रमांक टाइप केला. काही आलं नाही. परत टाइप केला. मानेवर लाली चढायला लागली. मागे लोक उभे होते, एकानं घसा खाकरला. शिकाऊ माणूस चौकात अडकला आणि मागून हॉर्न वाजायला लागले की मान अशीच लाल होते, हे तिलीवाल्दीनं कितीदा पाहिलं होतं.

"सावकाश," तो म्हणाला. "मागच्यांना थांबू दे. मला घाई नाही."

ती थांबली. कागद पुन्हा वाचला, या वेळी वरपासून.

"हा आमचा क्रमांक नाहीच," ती म्हणाली. "आमचे अंकांनीच सुरू होतात. हा अक्षरांनी सुरू होतो. हा जुन्या कंपनीचा आहे." ती उठली. "त्यांचा जुना प्रोग्रॅम अकाउंट्सच्या बाईंच्या खोलीत एका कॉम्प्युटरवर ठेवलाय. पण त्या आता जेवायला गेल्यात. थांबाल?"

"थांबू की."

भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दोघं बसली. रुकियामनं मांडीवर पिशवी घेतली होती, तिचे बंद ती बोटाला गुंडाळत होती.

"मी सावुतकडे गेले होते," ती अचानक म्हणाली.

तिलीवाल्दीनं तिच्याकडे वळून पाहिलं.

"गेल्या गुरुवारी. तुम्ही शिकवायला गेला होतात. मी त्याला तोंडावर विचारलं. म्हटलं, त्या वसंतात माझ्या गोऱ्ह्यांचे पैसे तू नेलेस का, खरं सांग, मी भांडणार नाही."

"आणि?"

"आधी तो हसला. मग म्हणाला, वहिनी, मी मागितले होते. तीन वेळा मागितले. ट्रकचं इंजिन बसलं होतं, ते बांधून घ्यायला. आका नाही म्हणाला. म्हणाला, हे पैसे आधीच दुसऱ्याचे आहेत." रुकियाम थांबली. "इंजिन झालं नाही, ट्रक भंगारात विकला, म्हणून तो सरहद्दीवर खोरगोसला हमाली करायला गेला. मला वाटायचं त्याला तिकडचा पगार आवडला. आणि तुम्ही दोघं ईदला एकमेकांकडे येता, अर्धा वाडगा चहा पिता आणि उठता. मला वाटायचं, पुरुषांचं असंच असतं."

तिलीवाल्दी समोरच्या खिडक्यांकडे बघत होता.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? भावाला नाही म्हणालो, हे?" तो हळूच म्हणाला. "तू म्हणाली असतीस, द्या. तुझे गोऱ्हे होते, तू दिले असतेस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. मग हप्ते चालू राहिले असते, आणि सावुतचे पैसे परत आले नसते. तो वाईट नाही. पण आले नसते. हेही मला माहीत होतं."

"आले नसते," रुकियामनं कबूल केलं.

"मग म्हटलं, जो काय राग व्हायचा तो माझ्या एकट्यावर होऊ दे."

मग पिशवीतून एक सफरचंद काढून, पदरानं पुसावं तसं रुमालानं पुसून तिनं त्याच्या हातात दिलं. "मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं."

"विचारायचं होतं तर तेव्हाच विचारायचं होतंस," तो म्हणाला. त्यात थोडी बोच होती, आणि ती तिनं मुकाट्यानं घेतली. मग त्यानं सफरचंदाचा चावा घेतला आणि उरलेलं तिच्याकडे दिलं.

जेवणाची सुट्टी संपल्यावर झानेर्के धावतच बाहेर आली. तिच्या मागे चष्मा लावलेल्या पोक्त बाई होत्या, अकाउंट्सच्या.

"सापडलं, आगाय," झानेर्के म्हणाली. "एप्रिल. मुदतीआधी पूर्ण फेड, शिल्लक शून्य, करार बंद. तुमचा अर्जही आहे, मुदतीआधी फेडण्याचा, तुमच्या सहीचा."

रुकियामनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. गरज उरली नव्हती.

"मग ते त्यांना कळलं का नाही?" तिलीवाल्दीनं विचारलं.

अकाउंट्सच्या बाईंनी चष्मा काढला. "कर्जांची माहिती दर महिन्याला फाईल करून ब्युरोकडे जाते. त्या वसंतात जुनी कंपनी आवराआवर करत होती. त्यांनी मार्चची शेवटची फाईल पाठवली आणि थांबले. विलीन झालो त्या दिवशी जी कर्जं चालू होती, ती आम्ही आमच्याकडे ओढून घेतली, नवे क्रमांक दिले आणि तिथून पुढच्या फाईली पाठवायला लागलो. तुमचं मधल्या काळात मिटलं. चालू नव्हतं म्हणून आमच्याकडे आलं नाही. आणि मिटल्याचं ज्यांनी कळवायचं, ते राहिले नव्हते."

"म्हणजे मी लवकर फेडलं म्हणून अडकलो."

"तसंच म्हणायचं," बाई ओशाळून म्हणाल्या. "हप्त्याहप्त्यानं फेडत राहिला असतात तर काही झालं नसतं."

तिलीवाल्दीला यावर हसू आलं. "मुलांना सांगत असतो, वळण लवकर घेऊ नका. स्वतः मात्र घेतलं."

मग काम सरळ होतं. त्यानं तिथेच अर्ज लिहिला, ओळखपत्राची आणि ब्युरोच्या उत्तराची प्रत जोडली. झानेर्केनं आवक-नोंद करून शिक्का मारलेली प्रत त्याच्या हातात दिली. नवा दाखला दिला, त्यात करार क्रमांक होता, कर्ज घेतल्याची तारीख होती, फिटल्याची तारीख होती, आणि जुनी कंपनी आता आम्हीच आहोत असं एक वाक्य होतं. अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या फाईलची वाट बघायची नाही. ही दुरुस्ती वेगळी पाठवायची, जुन्याच क्रमांकाखाली, म्हणजे नवी नोंद न होता तीच नोंद बंद होईल.

"किती दिवस लागतील?"

"आम्ही आजच पाठवतो. त्यांच्याकडे चढायला थोडे दिवस. तुम्ही आठवडाभरानं बघा. नाही दिसलं तर मला फोन करा, त्या गाण्याच्या नंबरवर नको." झानेर्केनं एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहिला. मग जरा घुटमळून म्हणाली, "आगाय, मधल्या काळात मिटलेली तुमच्यासारखी आणखीही असतील. त्यांना माहीतसुद्धा नसेल."

"असतीलच. बाजारात अर्ध्या लोकांनी तिथून कर्ज काढलं होतं."

झानेर्के अकाउंट्सच्या बाईंकडे वळली. बाईंनी सुस्कारा टाकला. "बघू. त्या वसंतात मिटलेली सगळी काढावी लागतील. आजचं काम वाढवलंत, आगाय." पण त्या चिडलेल्या वाटल्या नाहीत.

रात्री माहिनुरच्या खोलीवर तिघांनी कणसं उकडून खाल्ली. माहिनुरनं आईला विचारलं, काय झालं, तुम्ही दोघं इतकी शांत का? रुकियाम म्हणाली, "काही नाही. तुझ्या बाबांना मी जरा उशिरा ओळखलं." माहिनुरला वाटलं, आई थट्टा करतेय.

पुढच्या आठवड्यात माहिनुरनं बघितलं तेव्हा काही बदललं नव्हतं. तिलीवाल्दीनं फोन केला नाही. आणखी थोडं थांबू म्हणाला. दोन दिवसांनी ती परत बघायला गेली आणि थेट त्याच्या तासाच्या वेळेलाच तिचा फोन आला. शेजारी एक नवशिका मुलगा पहिल्या गिअरमध्ये रांगत होता.

"बाबा, चालू कर्जांत काही नाही. ते खाली गेलं, मिटलेल्या कर्जांत. तारीख एप्रिलची, तुम्ही म्हणाला होतात तीच. शिल्लक शून्य. आणि हरकतीचा शेराही काढून टाकलाय."

"बरं झालं," तिलीवाल्दी म्हणाला. मग त्या मुलाला म्हणाला, "दुसरा टाक. इतका वेळ पहिल्यात कोण चालवतं?"

बँकेतल्या मुलीनं नव्यानं अर्ज घातला. या वेळी भुवया वर गेल्या नाहीत. मशीननं हो म्हटलं. ती त्याच्याइतकीच खूश झाली, आणि म्हणाली, माझा मामाही त्याच कंपनीतून मोकळा झालेला, त्याला सांगते रिपोर्ट बघायला.

गाडी आली. राखाडी, ऑटोमॅटिक. बिबिगुलबाईंनी चारी बाजूंनी फिरून पाहिली आणि म्हणाल्या, "आता तुमच्याकडे मुलं रांगा लावतील, आका. गाडी शिकणार नाहीत, पण रांगा लावतील." शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक बसवायचा तेवढा बाकी होता.

गावात ते काम करणारे दोघे-तिघे होते. सावुतचाही हात त्यात चांगला होता. ट्रक होता तेव्हा सगळी दुरुस्ती तो स्वतःच करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी अजूनही अंगणात काहीतरी ठोकत बसलेला असायचा. रविवारी तिलीवाल्दीनं गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली. हॉर्न वाजवला नाही. सावुत बाहेर आला, फाटकाला टेकून त्यानं गाडी पाहिली.

"नवीन?"

"नवीन नाही. बरी आहे. ब्रेक बसवायचाय माझ्या बाजूला. तुझ्याकडून बसवून घ्यावा म्हटलं."

"पैसे देणार?" सावुतनं विचारलं.

"देणार."

"मग उधार नको," सावुत म्हणाला. "उधारीचं तुला जमत नाही."

तिलीवाल्दीनं ते ऐकून घेतलं. सावुत आत जाऊन दिवा आणि पान्ह्यांची पेटी घेऊन आला, गाडीचं दार उघडलं, सीट मागे सरकवली आणि पाठीवर झोपून आत शिरला. नुसते पाय बाहेर राहिले.

"वहिनी आली होती," आतून आवाज आला.

"सांगितलं तिनं."

"मला तेव्हा फार राग आला होता, आका."

"माहीत आहे."

"अजून थोडा आहे."

"असू दे," तिलीवाल्दी म्हणाला. "मलाही त्या ट्रकचं वाईट वाटतं. चांगला ट्रक होता."

"चांगला कसला. तेल खायचा." आत काहीतरी खणखणलं. "तू पैसे दिले असतेस तर ते त्याच्याच पोटात गेले असते. हे मला पहिल्या हिवाळ्यातच कळलं. पण तुझ्याकडे येऊन सांगायचं कोणी? ... दिवा जरा डावीकडे धर. तुझ्या डावीकडे नाही, माझ्या."

तिलीवाल्दी गुडघ्यावर बसला आणि दिवा धरला. घरातून सावुतची बायको बाहेर आली, थोरल्या दिराला बघून परत आत गेली, आणि जरा वेळानं चहाचे दोन वाडगे आणि नान घेऊन आली. सावुत बाहेर निघाला, हात चिंधीला पुसले. दोघं गाडीच्या उघड्या दाराच्या कडेवर शेजारी बसले, आणि या वेळी चहा संपल्यावर कोणी उठलं नाही. सावुतनं बायकोला हाक मारून आणखी मागवला.